ब्लॅक टाय, कॉकटेल, स्मार्ट कॅजुअल : एका पत्रिकेतली तीन कोडी

नारळीभात

मंडळी, कपड्यांतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. आमच्या टीममधला एडिंबराचा एक जण सप्टेंबरात लग्न करतोय आणि आम्हा दोघांना बोलावलंय. पत्रिकेत तीन दिवस आणि तीन वेगळ्या सूचना. शुक्रवारी संध्याकाळी 'कॉकटेल'. शनिवारी चार वाजता लग्न, मग जेवण आणि नाच, त्याला 'ब्लॅक टाय ऑर हायलँड ड्रेस'. रविवारी दुपारी जेवण, 'स्मार्ट कॅजुअल'.

माझ्याकडे रिसेप्शनला शिवलेला काळा सूट आहे. सहा वर्षं झाली, पण अजून बसतो (बटण लावून श्वास घेता येतो, इतपत). शनिवारी त्यावर काळा टाय बांधला की काम होईल ना? बायको पैठणी नेसणार आहे. आणि मी पीत नाही, तर शुक्रवारी काय करायचं?

पक्का_पुणेकर

सोपं आहे हो. ब्लॅक टाय म्हणजे आपला लांब टाय नव्हे, काळा बो. तेवढा घ्या, ऑनलाइन हुक लावलेला तयार मिळतो. काळा सूट, पांढरा शर्ट, काळा बो, संपला विषय. टक्सिडो म्हणजे मागे शेपटी असलेला तो कोट, तो फक्त बँडवाले आणि जादूगार घालतात. त्याच्या नादी लागू नका.

माईसाहेब

कॉकटेल म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात नाशिकला 'कॉकटेल नाइट' होती. मी आपली नारायणपेठ नेसून गेले, तर सगळ्या मुली चमचमत्या गाऊनमध्ये आणि बिनबाह्यांच्या ब्लाउजांत. वर मलाच विचारतात, "मावशी, थीम वाचली नाही का?" अरे, थीम कसली, दारूचं नाव लिहिलंय! लग्नात असलं काही असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही सरळ धोतर नेसून जा.

तारवटी

नारळीभात, गोव्याहून लिहितोय. वडील मडगावला शिंपी होते आणि मी स्वतः एकोणीस वर्षं प्रवासी बोटींवर होतो. आधी लाँड्रीत, मग केबिन स्टुअर्ड. फॉर्मल नाइटला प्रवाशांचे कोट इस्त्री करून देणं, तुटलेली बटणं लावणं, बो बांधून देणं हे रोजचंच काम. त्यामुळे हे कपडे मी अंगावर कमी घातलेत, पण हातात हजारो धरलेत.

पुणेकरांचं अर्धं बरोबर. बो हे खरं. पण ब्लॅक टाय हे नाव एका वस्तूचं असलं, तरी मागणी सगळ्या संचाची असते. 'पुरणपोळीला या' म्हटलं की कटाची आमटी, तूप, कुरडई सगळं आलंच, तसं. आणि शेपटीवाला कोट टक्सिडो नव्हे. तो 'व्हाइट टाय'चा, त्याच्याही वरच्या पायरीचा. उलट शेपटीच्या कोटाचा कंटाळा आला म्हणून ब्लॅक टाय जन्मला. १८६५ साली इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून घरच्या जेवणासाठी आखूड कोट शिवून घेतला होता. तिथून सुरुवात धरतात. अमेरिकेत तो न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधल्या क्लबात १८८६ च्या सुमाराला दिसला, म्हणून तिकडे टक्सिडो. इंग्रज त्याला डिनर जॅकेटच म्हणतो. तुम्ही स्कॉटलंडला जाताय, तर तिथे टक्सिडो म्हणू नका, उगाच हसतील.

आता तुमचा सूट काढा, खिडकीशी न्या आणि कॉलरच्या खाली छातीवर उलटलेली जी पट्टी असते, ती बघा. डिनर जॅकेटच्या लॅपलवर रेशमी कापड असतं, एक तर साटीन किंवा बारीक रेघांचं ग्रोग्रेन. बाकी कोट लोकरीचा, मिट्ट. रात्री दिव्याखाली एवढीच कड चमकते. तुमचा लॅपल आणि बाही एकाच कापडाची असेल, तर तो ऑफिसचा सूट. बो लावल्यानं फरक पडत नाही. उलट बो लावला की लोकांचं लक्ष नेमकं तिथेच जातं.

मग लॅपलचा आकार. डिनर जॅकेटला टोक वर गेलेला पीक किंवा सलग गोल शॉल. ऑफिसच्या कोटाला मध्ये कापलेली खाच असते. पुढे बटण एकच, तेही त्याच रेशमानं मढवलेलं. खिशाला झडप नाही. पँटला पट्ट्याचे लूप नाहीत, कारण पट्टा लावायचाच नाही, आतून गॅलिस. पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून कमरेपासून घोट्यापर्यंत एक रेशमी पट्टी. खाली दुमड नाही.

माझे वडील म्हणायचे, या कपड्यात कामाचं काहीच दिसू द्यायचं नाही. पट्टा, झडप, साधं बटण, ही सगळी दिवसाची चाकरी. रात्री ती लपवायची. हे एकदा डोक्यात बसलं की यादी पाठ करावी लागत नाही.

नारळीभात

तारवटी काका, तुमचा प्रतिसाद वाचून सूट घेऊन गॅलरीत गेलो. निकाल लागला. लॅपल त्याच कापडाचा, त्यात खाच. दोन बटणं, प्लास्टिकची. खिशाला झडपा. पँटला सात लूप मोजले. मागे एक फट पण आहे. म्हणजे शंभरापैकी शून्य?

एक विचारतो. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या टेलरला सांगून लॅपलवर साटीन लावून घेता येईल का?

टाके_आणि_टिपा

डोंबिवलीत माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. येतं की लावता. लॅपलच्या आकाराचा कागद काढायचा, साटीन कापायचं, मूळ कापडावरच हातटाक्यांनी बसवायचं आणि कड आत वळवायची. पँटच्या शिवणीवर रिबन लावणं तर एका दुपारचं काम. लूप उसवायचे. बटणं मढवून मिळतात. नवीन शिवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तारवटी

टिपाताई, पँटचं मान्य. रिबन कमरपट्टीच्या आत घातली आणि बाजूच्या खिशाच्या तोंडाशी नीट वळवली, तर कुणाला कळणार नाही. लूप उसवा आणि कमरेच्या आत गॅलिसची सहा बटणं लावा, पुढे चार, मागे दोन. झडपा तर उसवूही नका, नुसत्या खिशात सारा. खाली बारीक मगजी असतेच.

पण लॅपलला हात लावताना विचार करा. सहा वर्षांपूर्वीचा तयार पद्धतीचा सूट असेल, तर आत कॅनव्हास नसून बहुतेक चिकटवलेलं फ्युजिंग असणार. त्यावर साटीन बसवून वाफेची इस्त्री मारली की आतला डिंक सुटतो आणि लॅपलवर फोड आल्यासारखे फुगे येतात. ते पुन्हा बसत नाहीत. बोटीवर एका प्रवाशाचा असा कोट माझ्या हातून गेला होता. पगारातून कापून घेतले. दुसरं, खाचेच्या कोपऱ्यात साटीनचा जाड गोळा जमतो. तिसरं, दोन बटणांचा कोट एका बटणाचा होत नाही. खालचं काज बुजवलं तरी त्याचा व्रण राहतो, आणि काळ्या कापडावर तो दिव्याखाली चांगलाच दिसतो.

टाके_आणि_टिपा

फ्युजिंगचं बरोबर आहे. माझ्या हातून फुगे आलेले नाहीत, पण मी वाफ मारतच नाही, कोरडी इस्त्री सुती कापड ठेवून फिरवते. मला विचाराल, तर दहा फुटांवरून कुणाला खाच आणि पीक कळत नाही. आजकाल मोठ्या कंपन्यासुद्धा खाचेच्या लॅपलचे टक्सिडो विकतात.

तारवटी

विकतात खरे. दहा फुटांवरून कळत नाही हेही खरं. पण लग्नात माणूस मिठी मारायला येतो.

दवबिंदू

लीड्सहून. तुम्ही दोघं कोट उसवत बसलाय, पण इथे कोट भाड्यानं मिळतो हो! गावोगाव दुकानं आहेत. आधी माप कळवायचं, आदल्या दिवशी उचलायचा, सोमवारी परत. अर्ध्या पाहुण्यांचा भाड्याचाच असतो, कुणाला त्याची लाज नाही. फक्त बाहीची लांबी तिथेच बघून घ्या. शर्टाची कड अर्धा इंच बाहेर दिसली पाहिजे. भाड्याच्या कोटात आपल्या लोकांच्या बाह्या नेहमी तळहातापर्यंत येतात.

आणि शर्ट विसरू नका. साधा ऑफिसचा पांढरा शर्ट नको. छातीवर चुण्या किंवा बारीक खडबडीत विणीचा भाग असलेला घ्या. त्याच्या कफांना बटणं नसतात, दुमडून कफलिंक लावायचे. पुढची वरची बटणं काढून काळे स्टड बसवायचे असतात. हा शर्ट ओळखायचा कसा, तर पुढच्या दोन्ही पट्ट्यांना काजं असतात. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा आणला, तेव्हा "बटणंच नाहीत, डिफेक्टिव्ह पीस आहे" म्हणून परत करायला निघाला होता.

कॉकटेलचं सांगते. माईसाहेब, तो शब्द दारूचा असला तरी पत्रिकेत तो वेळेचा आणि उंचीचा आहे. संध्याकाळी सहा-साडेसहाला उभ्याउभ्या भेटणं, म्हणून बायकांचा झगा जमिनीपर्यंत नसतो, गुडघ्याच्या आसपास असतो, आणि पुरुषांना गडद रंगाचा साधा सूट. म्हणजे नारळीभात, तुमचा तो शून्य मार्कांचा सूट शुक्रवारी शंभर मार्कांचा आहे! त्याला बो लावू नका, लांब टाय किंवा नुसता उघड्या गळ्याचा शर्ट. पिण्याची सक्ती कुठेच नसते, हातात लिंबूपाणी धरा.

माईसाहेब

मग नाशकात जमिनीपर्यंत गाऊन का होते?

दवबिंदू

कारण आपल्याकडे 'कॉकटेल' हे कार्यक्रमाचं नाव झालंय, हळदीसारखं. तिथे कपड्यांचा नियम वेगळाच, जितकी टिकली तितकं बरं. शब्द एकच, अर्थ दोन. तुमची नारायणपेठ एडिंबरात अगदी चालली असती.

निवृत्त_नौसैनिक

धागा उशिरा दिसला. नौदलात तीस वर्षं काढली, तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

कुणीच कमरेकडे आलं नाही. कोटाचं एकुलतं बटण आणि पँटची कमर यांच्यामध्ये शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो. तो दिसता कामा नये. त्यासाठी एक तर खोल गळ्याचं वेस्टकोट किंवा कमरबंद. दोन्ही एकदम नव्हे. इंग्रज ज्याला 'कमरबंड' म्हणतो, तो आपलाच कमरबंद आहे, हिंदुस्थानातल्या उकाड्यात साहेबानं वेस्टकोट टाकून तो बांधायला घेतला. चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला. तिकिटं खोचायला म्हणून, असं सांगतात. खरं असो वा नसो, उलटा बांधलेला लगेच ओळखू येतो. आम्ही बोटीवर 'रेड सी रिग'मध्ये कोटच काढून टाकायचो, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरबंद. तांबड्या समुद्रातल्या उष्म्यासाठीचा पोशाख आहे तो. एडिंबराला उपयोग नाही, माहितीसाठी सांगितलं.

माझा सल्ला वेगळा आहे. हे उसनं कशाला? काळा बंदगळा शिवून घ्या. गळा बंद, म्हणून टाय, बो, स्टड सगळी कटकट जाते. पुढून बंद, म्हणून कमरबंदही नको. २०१९ साली अभिजित बॅनर्जी नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले, ते बंदगळा आणि धोतर नेसून, आणि एस्थर डुफ्लो साडीत होत्या. तिथे तर नियम व्हाइट टायचा, पण राष्ट्रीय पोशाख त्याच्या बरोबरीचा मानतात.

पक्का_पुणेकर

नोबेलमध्ये चालतं, पण या पत्रिकेत 'नॅशनल ड्रेस' लिहिलेलंच नाही. 'हायलँड ड्रेस' लिहिलंय. तो म्हणजे स्कॉटिश लोकांचा घागरा. मग बंदगळा कुठून आला?

निवृत्त_नौसैनिक

घागरा नव्हे, किल्ट. म्हणून तर सांगतोय! संध्याकाळी किल्टवर ते 'प्रिन्स चार्ली' नावाचा आखूड कोट घालतात, आत वेस्टकोट आणि गळ्यात काळा बोच. म्हणजे यजमानानं आपला राष्ट्रीय पोशाख ब्लॅक टायच्या शेजारी मांडलाच आहे. तोच न्याय पाहुण्याला. एक ओळीचा मेल टाकून विचारा, नाही म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

तारवटी

कमांडरसाहेबांना अनुमोदन, पण दोन गोष्टी. बंदगळा साधा हवा, काळा किंवा मध्यरात्रीचा निळा. हा निळा दिव्याखाली काळ्यापेक्षाही काळा दिसतो. जुन्या पिवळ्या उजेडात काळी लोकर हिरवट मारायची, म्हणून तो रंग आला. कापड लोकरीचं, पँट त्याच ताग्यातली. जरीकाम, मोठी सोनेरी बटणं नकोत. आणि गुडघ्यापर्यंतची शेरवानी तर नकोच, ती नवऱ्यामुलाची. दुसऱ्याच्या लग्नात नवरा म्हणून फोटोत येऊ नका.

बूट विसरलात सगळे. काळे, नाडीचे, पुढे नक्षीची भोकं नसलेले. पेटंट लेदर नसेल तर आहे त्याला पॉलिश घासून आरसा करा. काळे मोजे लांब, बसल्यावर पोटरी दिसू नये.

इडली_विथ_पिठलं

आपलं ज्ञान आधीच्या प्रतिसादांइतकं नाही, पण अनुभव आहे. मस्कतला नोकरीत नवा होतो, २००९ साल. दूतावासातल्या कार्यक्रमाची पत्रिका आली, खाली 'लाउंज सूट'. मी म्हटलं लाउंज म्हणजे दिवाणखाना, घरगुती कपडे. छान सुती कुर्ता-पायजमा घालून गेलो. सगळे पुरुष गडद सूट-टायमध्ये. नंतर कळलं, लाउंज सूट म्हणजे आपला रोजचा ऑफिसचा सूट. शेपटीच्या कोटाच्या मानानं तो घरगुती होता म्हणून ते नाव. कुर्त्याला कुणी काही बोललं नाही, पण एका गृहस्थानं मला रिकामा ग्लास दिला.

नारळीभात

ग्लासवर खूप हसलो. रविवारचं राहिलं. स्मार्ट कॅजुअल म्हणजे जीन्स चालेल ना?

दवबिंदू

गडद निळी, न फाटलेली, चालते.

निवृत्त_नौसैनिक

चालत नाही. क्लबात दारावरून परत पाठवतील.

दवबिंदू

लग्नानंतरचं रविवारचं जेवण आहे काका, जिमखाना नाही.

तारवटी

जीन्सवर या दोघांचं एकमत होणार नाही, माझंही ठाम मत नाही. पण एक सांगतो. स्मार्ट कॅजुअल ओळखायचं म्हणजे कोट आणि पँट मुद्दाम वेगळ्या कापडाची. निळा ब्लेझर, बदामी किंवा राखाडी चिनो, कॉलरचा शर्ट, टाय नाही, चामड्याचे लोफर. धावायचे बूट नकोत. लोक नेमकी चूक इथे करतात, शुक्रवारच्या सुटाचा कोट रविवारी चिनोवर घालतात. सुटाचं कापड गुळगुळीत आणि किंचित तुकतुकीत असतं, ते सुती पँटवर लगेच पोरकं दिसतं. शिवाय कोट जास्त वापरला गेला की पुढे दोघांचे रंग वेगळे पडतात आणि सूट सूट राहत नाही. तुमच्याकडे ब्लेझर नसेल तर कॉलरच्या शर्टावर चांगला स्वेटर घाला, थंडी असेलच.

नारळीभात

सर्वांचे आभार. मेल टाकला होता. उत्तर आलं की बंदगळा 'परफेक्ट', आणि त्याच्या वडिलांनी रंग विचारलाय, का ते कळलं नाही. तर शुक्रवारी रिसेप्शनचा सूट, शनिवारी नवा बंदगळा, मापं देऊन आलो. टेलरला मध्यरात्रीचा निळा म्हटलं, तर त्यानं आधी नेव्ही ब्लू दाखवला. दुकानाबाहेरच्या उजेडात नेऊन दोन कापडं शेजारी धरली, तेव्हा पटलं.

आता बायकोचा प्रश्न. पैठणी मोतिया रंगाची आहे, काठ लाल.

दवबिंदू

अरे देवा! साडी पायघोळ, त्यामुळे ब्लॅक टायला उत्तम, काळजीच नाही. पण इथे पांढऱ्याच्या जवळचा रंग नवरीचा. मोतिया धोक्याचा. दुसरी नाही का?

माईसाहेब

काहीतरीच! एवढा लाल काठ, एवढा जरीचा पदर, त्यात मोर. तिला कोण नवरी समजेल? मुलगी पांढऱ्या झग्यात असणार ना? आपली पैठणी ती पैठणी. हवं तर खांद्यावर लाल शाल घ्यायला सांगा.

टाके_आणि_टिपा

पदर पुढून घ्या, गुजराती पद्धतीनं. जरीचा पदर छातीवर आला की मोतिया अंग निम्मं झाकतं.

दवबिंदू

ही युक्ती चांगली आहे. पण फोटोत बसलेल्या असतील तेव्हा मांडीवर फक्त निऱ्या दिसतील, आणि त्या मोतियाच. नवरीलाच विचारा. आणि चपलांची टाच जाड घ्या, लग्न हिरवळीवर असेल तर बारीक टाच मातीत रुतते, मग साडीसकट ओढून काढावी लागते.

पक्का_पुणेकर

बरं, माझ्या मुळातल्या मुद्द्याकडे या. हुकवाला बो चालतो की नाही?

तारवटी

चालतो, पण तो दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा असतो, त्यावरूनच कळतो. हातानं बांधलेला जरासा वाकडा असतो, आणि तीच त्याची शोभा. गाठ बुटाच्या नाडीचीच आहे, फक्त गळ्यात असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. बसून गुडघ्याच्या वर मांडीवर बांधून सराव करा. मांडीचा घेर साधारण गळ्याएवढाच भरतो आणि दोन्ही हात डोळ्यांसमोर राहतात. आमच्या बोटीवरची नवी पोरं असंच शिकायची.

पक्का_पुणेकर

मांडीचा घेर गळ्याएवढा? माझा नाही हो भरत.

तारवटी

मग गुडघ्याच्या अगदी जवळ बांधा.

नारळीभात

अपडेट : पैठणीचा फोटो नवरीला पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात काल रात्री. अजून उत्तर नाही. बायको तोवर मला पायात बो बांधून बसलेला बघून काही बोललेली नाही.